पाया ६, शिरोकोन ६०°, उंची ५.२ : वहीत त्रिकोण निघाला, उत्तरात मात्र "अशक्य"

रेघारेघी

मुलीच्या भूमितीच्या वहीवरून घरात वाद पेटलाय, म्हणून धागा काढते. गणित असं आहे: पाया बक = ६ सेंमी, शिरोकोन अ = ६०°, अ पासून पायावर टाकलेला शिरोलंब ५.२ सेंमी. त्रिकोण काढा, निघत नसेल तर कारण लिहा.

आम्ही केलं ते सांगते. पाया आखला. ९० मधून ६० वजा केले, उरले ३०. ब आणि क या दोन्ही टोकांशी पायाच्या वरच्या अंगाला ३०° चे कोन काढले. त्यांचे हात जिथे एकमेकांना मिळाले ते केंद्र. केंद्रापासून ब पर्यंत कंपास उघडला आणि पायाच्या वरचा मोठा कंस मारला. या कंसावर कुठेही अ घेतला तरी तिथला कोन ६०° येतो, इथपर्यंत मला कळतं. मग पायापासून ५.२ सेंमीवर समांतर रेघ ओढली. ती कंसाला बरोब्बर माथ्यावर टेकली. तिथे अ घेतला, ब आणि क ला जोडला, कोनमापक लावला तर ६०°.

मागे छापलेलं उत्तर: "असा त्रिकोण काढता येणार नाही." मुलगी म्हणते छपाईची चूक आहे. मला वाटतं आमचंच कुठेतरी बिनसलंय, पण कुठे ते दिसत नाही.

झटपट

मुलगी बरोबर आहे. साधा हिशोब करा. त्या वर्तुळाची त्रिज्या ३.४६ सेंमी येते, म्हणजे व्यास ६.९३. तुमची उंची ५.२. उंची व्यासापेक्षा कमी असली की रेघ वर्तुळाला कुठेतरी कापणारच. उत्तराची पानं कुणी नीट तपासत नाही हो.

जुना कंपास

झटपट, अर्धं बरोबर बोललात. उंची व्यासापेक्षा जास्त असेल तर त्रिकोण निघणार नाही, यात शंका नाही. पण उंची व्यासापेक्षा कमी आहे, म्हणून त्रिकोण निघेलच असं नाही. कारण उंची आपण पायापासून मोजतो, वर्तुळाच्या तळापासून नाही. पायाच्या खालीही वर्तुळाचा एक तुकडा आहेच की, आणि तो आपल्या काही उपयोगाचा नाही.

या गणितात केंद्र पायापासून १.७३२ सेंमी वर आहे आणि त्रिज्या ३.४६४. दोन्हींची बेरीज ५.१९६. कंसाचा माथा पायापासून एवढाच उंच. व्यासातली उरलेली १.७३२ सेंमी पायाखाली गेली. तुमच्या नियमाने ६ सेंमी उंचीचाही त्रिकोण निघायला हवा. रेघ ओढून बघा, कंसाच्या चांगली आठ मिलिमीटर वरून जाते.

रेघारेघी ताई, आता तुमचं. माथा ५.१९६ वर आणि तुमची रेघ ५.२ वर. म्हणजे रेघ कंसाला टेकलेलीच नाही. मध्ये ०.००४ सेंमीची फट आहे, मिलिमीटरमध्ये सांगायचं तर ०.०४. पेन्सिलीची रेघच अर्धा मिलिमीटर जाड असते, त्यामुळे ती फट रेघेच्या पोटात गडप झाली. उत्तर बरोबर छापलंय.

दशांशावर विश्वास नसेल तर ते बाजूला ठेवा. ६०° ला कंसाचा माथा म्हणजे ६ बाजूच्या समभुज त्रिकोणाचा शिरोबिंदू, आणि त्याची उंची ३√३. तिचा वर्ग २७. तुमच्या उंचीचा, म्हणजे ५.२ चा, वर्ग २७.०४. विषय संपला.

रेघारेघी

२७ आणि २७.०४ हे पटलं, त्यावर वाद घालता येत नाही. पण मग कोनमापकावर ६०° कसा भरला? फट आहे तर कोनात फरक दिसायला हवा ना?

जुना कंपास

फरक आहे, तो तुमच्या कोनमापकाला दिसत नाही इतकंच. पायाच्या मधोमध, ५.२ सेंमी उंचीवर बिंदू घेतला तर तिथला कोन ५९.९६° येतो. घरातल्या कोनमापकावर अर्धा अंशही जपून वाचावा लागतो, तिथे अंशाचा पंचविसावा भाग कसा दिसणार?

याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. वही जवळच असेल तर करून बघा. त्याच आकृतीत ५.१५ सेंमीवर दुसरी समांतर रेघ ओढा, माथ्यापासून जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली. ती रेघ कंसाला दोन ठिकाणी कापते. हे दोन छेदबिंदू एकमेकांपासून ११ मिलिमीटरवर आहेत, मधल्या लंबदुभाजकाच्या प्रत्येक बाजूला साडेपाच मिलिमीटरच्या वर. म्हणजे उंचीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक केला तर शिरोबिंदू आडवा साडेपाच मिलिमीटर सरकतो. माथ्यापाशी कंस जवळजवळ आडवाच असतो, त्यामुळे तिथे रेघ आणि कंस बराच वेळ एकमेकांना चिकटून चालल्यासारखे दिसतात. माथ्यावर रेघ "टेकली" असं दिसतं तेव्हा ती खरंच टेकलीय, थोडी कापतेय की थोडी वरून चाललीय, हे डोळ्यांना ठरवता येत नाही.

म्हणून माझा शिरस्ता असा. रेघ कंसाला दोन ठिकाणी स्वच्छ कापत असेल तर आकृतीवर भरवसा ठेवायचा. स्वच्छ वरून जात असेल तरीही ठेवायचा. टेकल्यासारखी दिसली की पेन्सिल खाली ठेवून आकडेमोड करायची.

झटपट

ठीक आहे, व्यासाचं राहू द्या. पण ०.०४ मिलिमीटरसाठी पोराला "अशक्य" लिहायला लावणं हा शुद्ध छळ आहे. ५.२ हा आकडा ३√३ चाच एका दशांशापर्यंतचा आकडा आहे. गणित बनवणाऱ्याच्या मनात स्पर्शच होता, असं माझं मत.

खडूफळा

मला उलट वाटतं. गणित बनवणाऱ्याने ५.२ मुद्दाम घेतला असणार. ६ घेतला असता तर रेघ लांबून गेली असती आणि कुणालाही विचार करायची गरजच पडली नसती.

पण गुण देताना मी अडकले असते. एखाद्या मुलाने रेघ टेकलेली दाखवून समद्विभुज त्रिकोण काढला आणि रचनेच्या पायऱ्या सगळ्या बरोबर केल्या, तर त्याला शून्य कसं द्यायचं? तो पट्टी आणि कंपासाने जेवढं दिसतं तेवढं प्रामाणिकपणे काढतोय. कोनमापकाने ६०° काढताना तो अर्धा अंश चुकला तरी माथा अर्धा मिलिमीटर वरखाली होतो, आणि हा फरक ०.०४ च्या बारापट आहे.

जुना कंपास

खडूफळा ताई, म्हणूनच ६०° कोनमापकाने काढू नये, कंपासाने काढावा. पण तुमचा मुद्दा कळला. रचनेला गुण द्या, निष्कर्षाचे कापा.

खडूफळा

निष्कर्ष रचनेवरूनच काढायचा असं आपणच शिकवतो ना? मग रचना दाखवते ते लिहिलं म्हणून गुण कापायचे? असो. यावर आपलं जमणार नाही.

सहज वाचक

मध्येच एक भाबडा प्रश्न. हा कंस हवाच कशाला? पाया काढायचा, ५.२ वर रेघ काढायची, आणि रेघेवर एक बिंदू सरकवत जायचं, ६०° मिळाला की थांबायचं. मी तरी असंच केलं असतं.

जुना कंपास

सरकवत बसून मिळेल, पण ते अंदाजाने होईल. रचनेत असा बिंदू लागतो जो कुठे आहे हे आधीच ठरलेलं असतं.

अ ला दोन अटी आहेत. उंचीच्या अटीने तो एका समांतर रेघेवर बांधला जातो. कोनाच्या अटीने तो एका कंसावर बांधला जातो, कारण एकाच पायाकडे एकाच बाजूने सारख्या कोनात बघणारे सगळे बिंदू एका कंसावर असतात. अ ला दोन्हीकडे हजर राहायचंय, म्हणजे तो रेघ आणि कंस यांच्या छेदातच सापडणार. छेद नसेल तर त्रिकोण नाही. "अशक्य" चं कारण लिहायचं ते हेच.

तुमच्या सरकवण्यातून एक गोष्ट मात्र छान दिसते. ५.२ च्या रेघेवर बिंदू डावीकडून उजवीकडे नेत गेलात तर कोन लहानाचा मोठा होत जातो, पायाच्या बरोबर मधोमध सगळ्यात मोठा होतो आणि पुन्हा लहान होतो. तो सगळ्यात मोठा कोन ५९.९६°. म्हणजे त्या रेघेवर ६०° कुठेच नाही. संपूर्ण रेघ कंसाच्या बाहेर आहे, आणि कंसाच्या बाहेरच्या बिंदूतून पाया नेहमी ६०° पेक्षा लहान कोनातच दिसतो. आतल्या बिंदूतून मोठ्या कोनात.

फ्रेमवाला

विषय थोडा सोडून बोलतोय, पण तुमची शेवटची ओळ वाचून राहवलं नाही. मी भिंतीवरच्या चित्रांचे फोटो काढतो. माझी भिंत ६ मीटर रुंद आहे आणि माझी लेन्स आडवा ६०° कोन घेते. भिंतीपासून जास्तीत जास्त ५ मीटर मागे जाता येतं, त्यामागे खांब आहेत. मधोमध उभा राहिलो तर दोन्ही टोकं कापली जातात. तुमच्या हिशोबात मी म्हणजे अ ना? मग माझा त्रिकोण अशक्य आहे का?

जुना कंपास

वा! तुमची भिंत म्हणजे पाया, तुम्ही म्हणजे शिरोबिंदू, भिंतीपासूनचं अंतर म्हणजे उंची. आकडेही जवळजवळ तेच, सेंटिमीटरच्या जागी मीटर.

५ मीटरवर मधोमध उभे असता तेव्हा भिंत सुमारे ६२° कोनात दिसते. तुम्ही कंसाच्या आत आहात, म्हणून ती ६०° च्या लेन्समध्ये मावत नाही. पण ५ ही उंची ५.१९६ पेक्षा कमी आहे, म्हणजे ५ मीटरवरची रेघ कंसाला दोन ठिकाणी कापते. छेदबिंदू मधल्या रेषेपासून साधारण १.१५ मीटरवर येतात. तेव्हा डावीकडे किंवा उजवीकडे १.१५ मीटर सरका आणि कॅमेरा असा वळवा की भिंतीची दोन्ही टोकं फ्रेमच्या दोन कडांना येतील. भिंत बरोबर मावेल. आणखी बाजूला सरकलात तर कडेला जागाही उरेल.

एक लक्षात घ्या, तुमचा प्रश्न आणि ताईंचा प्रश्न वेगळा आहे. ताईंना बरोबर ६०° हवेत, तुम्हाला ६०° किंवा त्याहून कमी चालतात. त्यामुळे त्यांना जिथे "अशक्य" तिथे तुम्हाला उलट मोकळीक. खांब नसते आणि ५.२ मीटर मागे जाता आलं असतं तर त्या रेघेवर कुठेही उभे राहिला असतात तरी भिंत मावली असती.

फ्रेमवाला

बाजूला सरकून कॅमेरा वळवला तर चित्र एका बाजूला निमुळतं दिसेल. ते नंतर सरळ करताना कडा पुन्हा कापल्या जातात. पण निदान मावतं तरी. बघतो करून.

तिसरा कोन

रेघारेघी ताईंसारखंच माझंही एक आहे. पाया ६, शिरोकोन १२०°, उंची २. मी १२० मधून ९० वजा करून ३०° घेतले, पायाच्या टोकांशी वर ३०° चे कोन काढले, केंद्र मिळालं, वर्तुळ काढलं. २ सेंमीवरची रेघ वर्तुळाला कापतेसुद्धा. पण अ चा कोन मोजला तर ६०° येतोय! दोनदा काढलं, दोनदा ६०°.

जुना कंपास

तुम्ही अगदी बिनचूक आकृती काढलीय, फक्त ताईंच्या गणिताची. ६ पाया आणि ६०° ला जे वर्तुळ, तेच ६ पाया आणि १२०° ला. फरक कंसाचा. पायाच्या एका बाजूला मोठा कंस आहे, त्यावर ६०° मिळतात. दुसऱ्या बाजूला लहान कंस, त्यावर १२०°. विशाल कोन हवा असेल तर केंद्र आणि अ पायाच्या विरुद्ध बाजूंना असायला हवेत. तुम्ही दोघांना एकाच बाजूला ठेवलंत.

तेव्हा केंद्र पायाच्या खाली घ्या आणि वरचा लहान कंस वापरा. मग दिसेल की त्या कंसाचा माथा पायापासून फक्त १.७३ सेंमी वर आहे. २ सेंमीची रेघ वरून जाते, त्रिकोण नाही. उंची १.५ असती तर निघाला असता, अ मधल्या रेषेपासून साधारण सव्वा सेंमीवर आला असता.

९० वजा की वजा ९० आणि वर की खाली, हा गोंधळ नको असेल तर दुसरी रीत वापरा. मला तीच आवडते. ब पाशी पायाच्या खालच्या बाजूला दिलेला शिरोकोन जसाच्या तसा काढा, १२० असेल तर १२०, ६० असेल तर ६०. त्या किरणाला ब पाशी लंब काढा. तो लंब पायाच्या लंबदुभाजकाला जिथे मिळेल तिथे केंद्र. किरण खाली काढला की कंस नेहमी पायाच्या वरचा घ्यायचा, कोन लघु असो की विशाल. केंद्र आपोआप योग्य बाजूला पडतं. तो किरण म्हणजे ब मधून जाणारी वर्तुळाची स्पर्शिका, आणि स्पर्शिका व जीवा यांच्यातला कोन समोरच्या कंसातल्या कोनाएवढा असतो, यावर सगळं उभं आहे. युक्लिडच्या तिसऱ्या खंडातली ३३वी रचना हीच.

तिसरा कोन

केलं. खाली किरण, त्याला लंब, केंद्र पायाखाली पडलं. २ ची रेघ खरंच वरून गेली. आता कारणासकट "अशक्य" लिहिता येईल.

झटपट

मग एक सूत्र द्या ना सरळ, म्हणजे कंपास उघडायच्या आधीच कळेल.

जुना कंपास

उंची ≤ (पाया ÷ २) × cot(कोन ÷ २)

पण सूत्रापेक्षा ते आलं कुठून ते बघा, मग पाठ करावं लागणार नाही. कंसावरचा सगळ्यात उंच बिंदू पायाच्या बरोबर मधोमध वर असतो. तिथला त्रिकोण समद्विभुज. लंबदुभाजक शिरोकोनाचे दोन सारखे भाग करतो, खाली पायाचाही अर्धा भाग होतो, आणि उरतो एक काटकोन त्रिकोण. पाया, कोन आणि सगळ्यात मोठी उंची यांचं नातं त्या एका काटकोन त्रिकोणात आहे.

त्रिकोणमिती नको असेल तर आकृतीनेही जमतं, वर्तुळ न काढता. ९० मधून अर्धा शिरोकोन वजा करा आणि तो कोन ब पाशी काढा. हा हात लंबदुभाजकाला जिथे भेटतो तिथली उंची मोजा. दिलेली उंची तिच्यापेक्षा स्पष्ट कमी असेल तर त्रिकोण आहे, स्पष्ट जास्त असेल तर नाही. ९०° च्या शिरोकोनाला ही मर्यादा पायाच्या निम्मी येते, ६ ला ३. कोन वाढत गेला की मर्यादा भराभर खाली येते.

खडूफळा

वरची मर्यादा झाली. खालची नाही का काही? मुलांना फार लहान उंची दिली की ती हमखास "अशक्य" लिहितात. मागे एकदा याच पायावर आणि ६०° लाच उंची १ दिली होती. अर्ध्या वर्गाने त्रिकोण निघत नाही असं लिहिलं, कारण शिरोलंब पायाच्या बाहेर पडत होता.

जुना कंपास

खालची मर्यादा नाही. उंची शून्यापेक्षा जास्त असली की पुरे. ६०° चा कंस पायाच्या टोकांपाशी बाहेर फुगलेला असतो, त्यामुळे १ सेंमीवरची रेघ त्याला पायाच्या टोकांच्याही पलीकडे कापते. शिरोलंबाचा पाय क च्या पुढे चार मिलिमीटरवर, वाढवलेल्या पायारेषेवर पडतो. क पाशी विशाल कोन होतो इतकंच. त्रिकोण अगदी खरा आहे.

या गणितात तो बदल ३.४६ सेंमीवर होतो. त्या उंचीला एका टोकाशी बरोबर काटकोन. त्याच्या वर शिरोलंब पायाच्या आत, त्याच्या खाली बाहेर. समांतर रेघ आणि कंस दोन्ही वहीच्या कडेपर्यंत पुरेसे लांब काढायला सांगा. पायाच्या रुंदीएवढीच रेघ काढली तर छेद दिसतच नाही, आणि मुलं "अशक्य" लिहून मोकळी होतात.

सहज वाचक

दोन ठिकाणी छेद येतो म्हणजे दोन त्रिकोण ना? मग उत्तरात एकच का लिहितात?

खडूफळा

दोन्ही एकरूप असतात, लंबदुभाजकापाशी कागद दुमडला तर एकावर एक बसतात. ताईंच्याच पाया-कोनाला उंची ५ घेतली तर एकात डावी बाजू ६.५ आणि उजवी ५.३३ येईल, दुसऱ्यात उलट. पायाच्या खाली काढलेले धरले तर जागा चार होतील, त्रिकोण तोच.

मध्यंतर

मला हे गणित आलं होतं आणि मी वरच्याच रीतीने सोडवलं, तरी चूक दिली! पाया ६, शिरोकोन ९०°, अ पासूनचा ४ चा. समांतर रेघ ४ वर काढली, ती अर्धवर्तुळाच्या वरून गेली, म्हणून अशक्य लिहिलं. उत्तर "अशक्य" असंच आहे, पण कारण चुकीचं म्हणे.

खडूफळा

"४ चा" काय? शिरोलंब की मध्यगा?

मध्यंतर

अरेच्चा, मध्यगा लिहिलंय. पण फरक काय पडतो, उत्तर तेच आलं ना?

जुना कंपास

फरक पडतो. मध्यगा दिली असेल तर समांतर रेघ काढायचीच नाही. पायाचा मध्यबिंदू केंद्र धरून मध्यगेएवढ्या त्रिज्येचा कंस मारायचा आणि तो पहिल्या कंसाला कुठे कापतो ते बघायचं.

९०° ला तर ही मोठी मजेदार गोष्ट होते. पायावरचं अर्धवर्तुळ मध्यबिंदूभोवतीच आहे, त्याची त्रिज्या ३. तुमचा दुसरा कंसही त्याच मध्यबिंदूभोवती, त्रिज्या ४. एकाच केंद्राची दोन वर्तुळं एकमेकांना कधी भेटत नाहीत, म्हणून अशक्य. कारण हे. मध्यगा २ दिली असती तरी अशक्यच. तिथे तुमच्या रीतीने २ वर समांतर रेघ काढली असतीत तर ती अर्धवर्तुळाला कापून गेली असती आणि तुम्ही एक चुकीचा त्रिकोण काढून बसला असता. आणि मध्यगा बरोबर ३ असेल तर दोन्ही कंस एकावर एक बसतात, मग एक नाही, दोन नाही, हवे तेवढे त्रिकोण.

मध्यंतर

म्हणजे माझं उत्तर नशिबाने बरोबर आलं. ६०° ला पण असंच असतं का? तिथे मध्यगेला काय मर्यादा?

जुना कंपास

पाया ६ आणि कोन ६०° असेल तर मध्यगा ३ पेक्षा जास्त हवी आणि ५.१९६ पेक्षा जास्त नको. वरची मर्यादा उंचीचीच, कारण माथ्यावर मध्यगा आणि शिरोलंब एकच होतात. पण इथे खालचीही मर्यादा आहे, उंचीला ती नव्हती. अ कंसावरून घसरत पायाच्या टोकाकडे गेला की उंची शून्याकडे जाते, मध्यगा मात्र ३ च्या खाली जाऊ शकत नाही. १२०° ला काय होतं ते तुम्हीच काढून बघा, तिथे मर्यादा उलटतात.

रेघारेघी

सगळ्यांचे आभार. मुलीने ५.१५ ची रेघ ओढून पाहिली, छेदबिंदू खरंच ११ मिलिमीटरवर आले. छपाईची चूक नाही हे तिला आता मान्य आहे. पण तिचं नवीनच निघालंय: कोन ६०° आणि उंची ५.२ हे पक्कं ठेवायचं, तर पाया किमान किती घ्यावा लागेल?

जुना कंपास

तेच सूत्र उलटं फिरवायचं. पाया = २ × उंची × tan(कोन ÷ २). ५.२ ला साधारण ६.००४ सेंमी येतो. तेवढ्याला समद्विभुजच, किंबहुना समभुज त्रिकोण निघेल. पाया त्याहून थोडा जरी मोठा घेतला तर शिरोबिंदू दोन जागी येईल.

झटपट

६.००४ सेंमी पाया आखून दाखवा म्हणावं तिला. तोवर मी छळ म्हणतच राहणार.

खडूफळा

ती ६.१ घेईल आणि तुम्हाला गप्प करेल. मला अजून सांगा, ५.२ ला रेघ टेकलेली दाखवणाऱ्याला किती गुण द्यायचे?